चूक की बरोबर? दुरुस्तीसकट!

दहावीच्या विज्ञान भाग 1 मधला पहिला धडा, गुरुत्वाकर्षण. विधानं काढताना नुसता 'नाही' घुसवू नका, मुलं ते लगेच ओळखतात. त्यांच्या डोक्यात असलेला गैरसमजच विधानात ठेवा.

'चंद्रावर वस्तूचे वस्तुमान पृथ्वीवरच्या एक षष्ठांश होते.' चूक.
दुरुस्ती: 'चंद्रावर वस्तूचे वजन सुमारे एक षष्ठांश होते, वस्तुमान तेच राहते.'

चूक एकाच शब्दात आहे, म्हणून उत्तर पडताळताना गडबड नेमकी कुठे झाली ते मुलाला दिसतं. एका विधानात दोन चुका घातल्या, की एक दुरुस्त करून दुसरी निसटते.

रत्नागिरीकरांसाठी माझं लाडकं: 'भाट्याला दिवसातून एकदाच भरती येते.' चूक! दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. दुरुस्त्या मात्र पानाच्या मागे लिहा.