आधी कान, मग पाय, सारेगम शेवटी

गणपतीच्या दिवसांत पेण-रोह्याकडचं चार-पाच वर्षांचं पोर अक्षरओळख नसतानाही मोठ्यांच्या घोळक्यात आरत्या म्हणतं. चाल त्याला ऐकूनच पाठ झालेली असते. जपानच्या शिनिची सुझुकींनी व्हायोलिन शिकवताना हाच मार्ग नीट आखून घेतला. मूल मातृभाषा शिकतं तसं रोज ऐकायचं, आई किंवा वडील सोबत बसणार, नोटेशन वाचणं नंतर. पण या पद्धतीची मर्यादाही आरतीतच कळते. त्याच मुलाला पेटीशिवाय एकट्याने गायला सांगा. शब्द बरोबर येतात, चाल मात्र बोलल्यासारखी सपाट होते. इतके दिवस ते घोळक्याचा सूर धरून चाललेलं असतं.

लयीचं काम पायांकडे सोपवलं ते स्वित्झर्लंडच्या एमिल जाक-दालक्रोझ यांनी. वाजेल तसं चालायचं, दुगुणीत धावायचं, वाजणं थांबलं की जागीच उभं राहायचं. गौरीची फुगडी बघत वाढलेल्या मुलांना हे नवं वाटणार नाही. चूक होते ती शिक्षकाची. लहान मुलाची आपली लय मोठ्यांपेक्षा जलद असते. आपण संथ केरवा धरतो, दोन मात्रांमधली जागा त्याला पेलत नाही, टाळी आधी पडते आणि पोर बेताल ठरतं. त्याला चालायला लावा, त्याच्या पावलावर ठेका धरा आणि मग हळूहळू लय उतरवा.

स्वरांची नावं यानंतर. हंगेरीच्या झोल्तान कोडाय यांच्या पद्धतीतला 'डो' आपल्या 'सा'सारखाच सरकता असतो, त्यामुळे ती आपल्याला जवळची आहे. फरक सुरुवातीत आहे. आपल्या क्लासात पहिल्याच दिवशी सारेगमपधनिसा. तिथे आधी दोनच स्वर, आपल्या भाषेत प-ग. मग ध, मग रे आणि सा. हा झाला भूप. यात ग-म आणि नि-सा ही जवळची अंतरं येतच नाहीत, आणि लहान गळा बहुधा तिथेच घसरतो. मला हाच क्रम पटतो. परीक्षेची घाई असलेल्या क्लासाला तो रुचणार नाही, हेही खरं.

आणखी एक खबरदारी. शिक्षक पुरुष असेल तर त्याचा आवाज मुलापेक्षा सप्तकभर खाली असतो. काही मुलं तोच खर्ज गाठायला जातात आणि घशात गुरगुरतात. असं ऐकू आलं तर पांढरी दोनचा सा घेऊन मुलाच्या सप्तकात पेटीवर स्वर वाजवून दाखवावेत, किंवा नीट गाणाऱ्या दुसऱ्या मुलाला पुढे करावं.

भूप गळ्यात बसला की मध्यम आणायचा, तोही आधी कानाने. मुलांनी डोळे मिटायचे, शिक्षकाने ग-प-ग, ग-प-ग म्हणता म्हणता मध्येच ग-म-ग म्हणायचं, आणि वेगळं वाटलं त्याने हात वर करायचा. हात बरोबर जागी वर होऊ लागले की त्या स्वराला 'म' म्हणतात हे सांगायचं.