कान टोचल्यावर गाठ का येते?

सातवीतल्या एका मुलीने कानाच्या वरच्या कडेला दुसरं भोक पाडून घेतलं. जखम भरली, पण चार महिन्यांनी तिथे घट्ट, खाजणारी गाठ वाढू लागली. घरच्यांना वाटलं, कान पिकलाय. पण पू नव्हता, कान गरमही लागत नव्हता. हा केलॉइड.

जखम भरताना त्वचा कोलॅजन तयार करते. काहींच्या शरीरात हे काम वेळेवर थांबत नाही आणि व्रण जखमेच्या बाहेर पसरतो. मग गाठ कापून टाकायची का? नुसती कापली तर ती नवी जखमच. गाठ पुष्कळदा परत येते. त्वचारोगतज्ज्ञ आधी गाठीत स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, साधारण महिन्याच्या अंतराने. मोठी गाठ कापलीच, तर पुढे इंजेक्शनं आणि दाब देणारी खास कुडी काही महिने लागते.

एकदा केलॉइड झालेल्या मुलीचा कान पुन्हा टोचू नका.