शेक चालू असताना घास उतरेना: डब्याचे दूध पुरेल की पोटात नळी लागेल?

तोंडाच्या, जिभेच्या किंवा घशाच्या कॅन्सरवर शेक, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘लाईट’ म्हणतात तो, सहसा सहा ते सात आठवडे चालतो. आठवड्यातले पाच दिवस जावे लागते. पहिले दहा-बारा दिवस पेशंट बऱ्यापैकी जेवतो आणि घरच्यांना वाटते, निभावले. मग तोंडाची आतली कातडी लाल होते, सोलते, पांढरट जखमा पडतात. याला म्युकोसायटिस म्हणतात. शेवटच्या आठवड्यांत तो सगळ्यात जास्त असतो आणि शेक संपल्यावरही दोन ते चार आठवडे रेंगाळतो.

या काळात वजन भराभर उतरते. चेहऱ्यावर बसवलेला मुखवटा सैल होतो, शेकाची जागा हलू शकते. पेशंट इतका अशक्त होतो की मधले दिवस चुकतात, आणि खंड पडला की उपचाराचा जोर कमी होतो. म्हणून खाण्याचा प्रश्न शेक सुरू होण्याआधीच डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांसमोर काढायला हवा. पर्याय तीन. तोंडाने प्यायचे पोषण-पेय, म्हणजे डब्यातली पावडर. नाकातून पोटात घातलेली राइल्स ट्यूब. आणि पोटाच्या कातडीतून थेट जठरात बसवलेली नळी, जिला गॅस्ट्रोस्टोमी किंवा ‘पेग’ म्हणतात.

यातले काय लागेल हे अंदाजाने ठरत नाही, ते वहीवरून ठरते. वॉर्डात काम करताना आम्ही केसपेपरवर ‘जेवण कमी’ हे दोन शब्द असंख्य वेळा पाहिले. त्यावरून कोणालाच काही ठरवता येत नाही. किती कमी? कशामुळे कमी? म्हणून शाळेची साधी वही घ्या आणि शेकाच्या पहिल्या दिवसापासून लिहा. घरातला एक पेला आणि एक वाटी ठरवा, त्यात किती मिली मावते ते एकदा मोजून घ्या. वाढले किती ते लिहू नका, पोटात गेले किती ते लिहा. आणि शेजारी कारणाचा एक रकाना ठेवा.

आमच्या मते हा कारणाचा रकानाच सगळ्यात मोलाचा. ‘आग होते’ असे असेल तर आधी वेदनेचे औषध वाढवायला हवे, नळीचा विचार नंतर. जेवणाआधी अर्धा तास औषध दिले होते का, तेही लिहा. पुसूनही न जाणारा किंवा पुसल्यावर खालून लाल दिसणारा पांढरा थर असेल, तर बुरशी असू शकते आणि तिला वेगळे औषध असते. मॉर्फिन चालू असेल तर बद्धकोष्ठ होऊन भूक मरते, म्हणून शौचाची नोंद हवी. ‘पाणी पिताना ठसका लागतो’ असे असेल, तर थांबा. अन्न श्वासनलिकेत जात असू शकते. अशा पेशंटला पोषण-पेयाचे पेले भरवत राहणे धोक्याचे, आधी गिळण्याची तपासणी व्हायला हवी. आणि ‘डबा संपला, पैसे नव्हते’ हेही कारणच आहे. ते लाजून लपवू नका, ते वाचूनच दवाखान्यातले समाजसेवक पुढे येऊ शकतात.

एक उदाहरण घेऊ. जिभेच्या मुळाशी गाठ, मानेच्या दोन्ही बाजूंना शेक आणि सोबत दर आठवड्याला केमो. सुरुवातीचे वजन ५२ किलो. किलोमागे ३० कॅलरी धरल्या तर दिवसाला सुमारे १५६० कॅलरी लागतात, आणि किलोमागे १.२ ग्रॅम धरले तर ६० ग्रॅमच्या वर प्रथिने. तिसऱ्या आठवड्यात वहीत एका दिवसाचे असे होते: दूध एक पेला, पेज दोन वाट्या, पातळ वरण-भात एक वाटी, दुधात कुस्करलेले एक उकडलेले अंडे. सगळे मिळून ५०० कॅलरी, प्रथिने वीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे गरजेच्या एक तृतीयांश. कारण लिहिले होते: ‘गिळताना आग, ठसका नाही.’

इथे डब्याचे पेय बरोबर बसते. डॉक्टरांनी वेदनेचे औषध वाढवले आणि आहारतज्ज्ञांनी तीन पेले पोषण-पेय लावले, पेल्याला २०० कॅलरी. एकूण ११०० झाले, म्हणजे गरजेच्या सत्तर टक्के. पेये थंड आणि थोडी-थोडी घेतली. मीठ-सोड्याच्या पाण्याने दिवसातून अनेकदा गुळण्या केल्या. मिश्री पूर्ण बंद. (डबा परवडत नसेल तर दूध, दूध पावडर, अंडे, शेंगदाण्याचे बारीक वाटण आणि चमचाभर तेल यांतूनही बरेच भरून काढता येते, मात्र प्रमाण आहारतज्ज्ञांकडून घ्या.)

पाचव्या आठवड्यात चित्र बदलले. वही सांगत होती: पोषण-पेय दोन पेले, दूध एक पेला, पेज एक वाटी. जेमतेम ६००. असे सलग सात दिवस. वजन साडेसत्तेचाळीस, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के घट. साधारण नियम असा की आठवडाभर निम्म्याहून कमी पोटात जात असेल, तर नळीचा निर्णय पुढे ढकलू नये. त्या वहीची पाने पाहून त्याच दिवशी राइल्स ट्यूब घातली गेली. केमोमुळे प्लेटलेट कमी होत्या, त्यामुळे पेग तेव्हा शक्य नव्हती. उपवास लांबला होता, म्हणून आहार एकदम पूर्ण न देता, रक्तातले क्षार तपासत हळूहळू वाढवला. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिले तर हृदयापर्यंत त्रास जाऊ शकतो.

मग पेग कोणाला? चार आठवड्यांहून जास्त नळी लागेल असे दिसत असेल, तर पेगचा विचार करतात. नाक दुखत नाही, नळी कपड्याखाली झाकली जाते, रुंद असल्याने कमी तुंबते. वरच्या पेशंटसारखी गाठ, दोन्ही बाजूंचा शेक आणि केमो असेल, तर ‘पेग आधीच बसवायची का?’ हे शेक सुरू होण्याआधी विचारा, कारण नंतर रक्त घसरते. सरसकट सगळ्यांना आधीच बसवावी, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जखमेत पू होणे, बाजूने गळणे, रक्तस्राव हे धोके आहेत. शिवाय नळीची सवय लागली की पेशंट गिळणेच सोडतो आणि घशाचे स्नायू आखडतात. म्हणून नळी असली तरी, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर, रोज थोडे घोट घ्यायचे आणि गिळण्याचे व्यायाम करायचे.

घरी आहार देताना पेशंटला बसते किंवा अर्धवट उठवून ठेवा, आणि नंतरही निदान अर्धा तास आडवे करू नका. आधी आणि नंतर ३० ते ५० मिली पाणी नळीतून सोडा. पेज, डाळ बारीक कापडातून गाळा. पेग निघून आली तर स्वतः परत घालू नका. तिथे स्वच्छ कापड ठेवून ताबडतोब दवाखाना गाठा, कारण भोक काही तासांतच बुजू लागते.

वही शेक संपल्यावरही चालू ठेवा. तोंडाने किती आणि नळीने किती, हे दोन वेगळे रकाने करा. पहिला रकाना वाढत गेला आणि दुसरा बंद करूनही काही आठवडे वजन टिकले, की नळी काढण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.