पाट्याच्या पोटातलं आळशी पोलाद

मालाने भरलेला ट्रक खड्ड्यात आदळला की चाक वर उसळतं आणि आसावर बसवलेले कमानीचे पाटे सपाट होत जातात. धक्क्याची बरीचशी ऊर्जा क्षणभर पाट्यांच्या पोलादात मुरते आणि पाटे पूर्ववत होताना बाहेर पडते. ऊर्जा साठवणं हेच पाट्याचं काम. पण हिशेब मांडला तर या कामात तो फारच कच्चा निघतो. तेच पोलाद वाकवण्याऐवजी सरळ ओढलं असतं, तर त्यात अनेक पट ऊर्जा मावली असती.

आकड्यांतच पाहू. एक मीटर लांब, ६० मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड अशी पोलादाची पट्टी घ्या. तिचं आकारमान ६०० घन सेंटिमीटर. या पोलादावर दर चौरस मिलिमीटरला ४०० न्यूटनपेक्षा जास्त ताण येऊ द्यायचा नाही, असं ठरवू. पट्टी दोन्ही टोकांना धरून ओढली, तर ही मर्यादा गाठायला २,४०,००० न्यूटन, म्हणजे जवळपास साडेचोवीस टनांचा जोर लागतो आणि पट्टी अवघी २ मिलिमीटर लांबते. जोर शून्यापासून हळूहळू वाढत गेला असल्याने साठलेली ऊर्जा जोर आणि लांबणं यांच्या गुणाकाराच्या निम्मी, म्हणजे २४० ज्यूल.

आता तीच पट्टी एका टोकाला भिंतीत घट्ट बसवा आणि दुसऱ्या टोकावर वजन टांगा. ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४१ किलो वजनातच भिंतीजवळ ताणाची तीच मर्यादा गाठली जाते. टोक १३३ मिलिमीटर खाली येतं. साठलेली ऊर्जा भरते साधारण २७ ज्यूल. पोलाद तेच, आकारमान तेच, सर्वांत मोठा ताणही तोच; ऊर्जा मात्र नवव्या हिश्श्याएवढी.

हा नववा हिस्सा दोन टप्प्यांत होतो, आणि दोन्ही टप्प्यांत तिसरा हिस्साच उरतो.

पहिला टप्पा जाडीतला. पट्टी वाकते तेव्हा तिचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. अर्थातच मध्ये कुठेतरी असा एक थर असतो, जो ना ताणला जातो ना दाबला जातो. आपल्या पट्टीत तो बरोबर मध्यावर, पृष्ठभागापासून ५ मिलिमीटर आत आहे. तिथे ताण शून्य. तिथून पृष्ठभागाकडे जावं तसा तो समप्रमाणात वाढतो. ऊर्जा मात्र ताणाच्या वर्गावर अवलंबून असते. कारण ताण निम्मा झाला की लांबणंही निम्मं होतं, आणि दोहोंचा गुणाकार चौथाईवर येतो. म्हणून मध्यापासून अडीच मिलिमीटरवरच्या थरात पृष्ठभागाच्या तुलनेत चौथाईच ऊर्जा साठते. जाडीचा मधला निम्मा भाग वेगळा काढला, तर पट्टीतलं निम्मं पोलाद त्यात येतं, पण ऊर्जा फक्त एक अष्टमांश. उरलेली सात अष्टमांश बाहेरच्या थरांत. सगळ्या थरांची सरासरी काढली की एक तृतीयांश येते. म्हणजे पट्टी पूर्ण लांबीभर सारखीच वाकवली असती, तरी २४० ऐवजी ८० ज्यूलच मिळाले असते. आडवा छेद गोल असेल तर आणखी नुकसान, कारण गोल सळईत मध्याजवळच जास्त पोलाद असतं. तिथे सरासरी चौथाईवर घसरते.

दुसरा टप्पा लांबीतला. वजन टोकाला टांगल्यावर वाकवणारा जोर भिंतीजवळ सर्वांत मोठा आणि टोकाशी शून्य. इथेही समप्रमाणात उतार आहे आणि इथेही वर्ग लागतो, म्हणून पुन्हा एक तृतीयांश. ८० चे झाले २७.

ओढलेल्या पट्टीत मात्र प्रत्येक कण सारखाच राबतो. वाकलेल्या पट्टीत पृष्ठभागावरचे थोडे कण मर्यादेला टेकतात आणि आतलं पोलाद जवळजवळ रिकामं बसतं. तरी मर्यादा ठरते ती पृष्ठभागावरून, कारण तडा तिथेच सुरू होतो.

इथे एक घोटाळा हमखास होतो. ही तुलना ताणाची मर्यादा सारखी धरून केलेली आहे, जोर सारखा धरून नव्हे. आपल्या पट्टीला ४०० न्यूटनांनी नुसतं ओढलं, तर ती तीन सहस्रांश मिलिमीटरच्या आसपास लांबेल, आणि तेवढ्याच जोराने वाकवलेल्या पट्टीत तिच्या ४०,००० पट ऊर्जा साठलेली असेल. पाटे वाकवले जातात ते याचसाठी. ट्रकच्या चाकाला काही इंच वरखाली व्हायला वाव हवा. साडेचोवीस टनांना दोन मिलिमीटर देणाऱ्या पट्टीत ऊर्जा कितीही मावो, खड्ड्यासाठी तिचा उपयोग नाही. वाकवण्याने हालचाल मिळते आणि तिची किंमत वाया जाणाऱ्या पोलादात मोजावी लागते.

मात्र ही किंमत कमी करता येते. लांबीतलं नुकसान तर पूर्ण टाळता येतं. भिंतीजवळ ६० मिलिमीटर रुंद असलेली पट्टी टोकाकडे निमुळती करत शून्यावर आणली, तर वाकवणारा जोर आणि रुंदी एकाच प्रमाणात घटतात आणि पृष्ठभागावरचा ताण सगळीकडे ४०० च राहतो. पोलाद निम्मं, ३०० घन सेंटिमीटर. ऊर्जा मात्र २७ वरून ४० ज्यूल. एवढा रुंद त्रिकोण गाडीखाली मावणार नाही, म्हणून त्याच्या अरुंद पट्ट्या कापून एकावर एक रचल्या, असं समजा. पाट्यांचा जुडगा असाच घडतो; खालचे पाटे आखूड होत जातात ते यामुळेच. दुसरा उपाय रुंदी कायम ठेवून जाडी घटवण्याचा. ती सरळ उताराने नव्हे, तर टोकापासूनच्या अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटवावी लागते. असा पाटा पॅराबोलिक म्हणून ओळखला जातो. एका टोकाला घट्ट बसवलेल्या तुळईला सर्वत्र सारखं बळ हवं असेल तर तिचा आकार पॅराबोला असावा, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात दाखवलं होतं. वाकलेल्या तुळईतला ताण जाडीत कसा वाटला जातो, याबद्दलचा त्याचा समज चुकीचा होता. आकार मात्र बरोबर निघाला.

जाडीतली तूट मात्र सपाट पाट्यात भरून निघत नाही. आकार कसाही निमुळता करा, एक तृतीयांशाच्या पुढे जाता येत नाही. त्यासाठी मधलं पोलाद काढून वर-खाली न्यावं लागेल, जसं इमारतीच्या आय आकाराच्या तुळईत असतं.

पाटा तुटल्यावर ‘यापेक्षा जाड घाला’ हा सल्ला म्हणूनच तपासून घ्यावा. जुडग्यातले पाटे एकत्र वाकतात. १० मिलिमीटरच्या पाट्यांमध्ये एक १२ मिलिमीटरचा घातला, तर त्यालाही बाकीच्यांइतकंच वाकावं लागतं. पण त्याचा पृष्ठभाग मधल्या थरापासून ५ ऐवजी ६ मिलिमीटर दूर आहे, म्हणून इतरांवर ४०० ताण येतो तेव्हा त्याच्यावर ४८० येतो. दिसायला तो सर्वांत दणकट, पण मर्यादा सर्वांत आधी ओलांडतो तोच.