जीन्सची नीळ, पांढरा सोफा

नवी गडद निळी जीन्स घालून कोणी पांढऱ्या सोफ्यावर तासभर बसलं, की उठल्यावर बैठकीच्या कडेला निळसर-करडा पट्टा दिसतो. मग घरातलं कोणीतरी धावत जाऊन ओला फडका आणतं आणि जोर लावून घासायला लागतं. पट्टा निघत नाही, उलट पसरतो आणि कापडाच्या विणीत आणखी आत जातो. हा डाग चहाच्या किंवा आमटीच्या डागासारखा पाण्यातून आलेला नसतो, त्यामुळे तो पाण्याने जातही नाही. सोफ्यावर दिसते ती रंगाची अगदी बारीक, कोरडी भुकटी असते.

ही भुकटी सुटते कशी हे कळायला डेनिम कसं रंगतं ते पाहावं लागतं. डेनिममध्ये ताणा निळा असतो आणि बाणा पांढरा. ताण्याच्या धाग्याला दिलेला रंग म्हणजे इंडिगो, आपली जुनी नीळच. १८९७पासून ती कारखान्यात बनू लागली आणि झाडापासून काढलेल्या निळीची बाजारपेठ हळूहळू बसली, पण रेणू तोच राहिला. हा रेणू पाण्यात विरघळत नाही, हीच त्याची खोड. म्हणून रंगाच्या हौदात कॉस्टिक सोडा आणि सोडियम हायड्रोसल्फाइट घालून त्याचं रूप बदलावं लागतं. तेव्हा तो विरघळतो आणि हौदातलं द्रावण निळं न राहता पिवळट-हिरवं होतं. धागा त्यात काही क्षण बुडवून वर काढला की हवेतल्या ऑक्सिजनने तो बघता बघता निळा होतो. गडद छटा हवी असेल तर हे बुडवणं आणि वर काढणं पुन्हा पुन्हा करतात.

प्रत्येक बुडीत धागा हौदात फार थोडा वेळ राहतो, त्यामुळे रंग त्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. धागा आडवा कापून पाहिला तर लाल मुळ्याच्या चकतीसारखा दिसतो, भोवती रंगाचं कडं आणि आत पांढरा. शिवाय इंडिगो सुताशी रासायनिक बंध जोडत नाही. तो तंतूंच्या फटींत अडकून बसतो आणि ज्यांना फटीत जागा मिळाली नाही ते कण वरवर चिकटून राहतात. घर्षण झालं की हेच वरचे कण सुटतात. जीन्स गुडघ्यावर, मांडीवर फिकी पडत जाते आणि लोक तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात, त्यामागेही हेच कारण आहे. रंग पूर्ण पक्का केला तर ती मजा जाईल, म्हणून या खोडीवर उपाय शोधायची गिरण्यांना फारशी घाईही नसते.

कापड उद्योगात रंग घासून उतरतो का, याची ठरलेली चाचणी आहे. पांढऱ्या सुती कापडाचा छोटा तुकडा कापडावर ठरलेल्या दाबाने दहा वेळा मागेपुढे फिरवतात, एकदा कोरडा आणि एकदा ओला, आणि तुकडा किती रंगला यावरून एक ते पाच गुण देतात. पाच म्हणजे काहीच उतरलं नाही. न धुतलेलं गडद डेनिम कोरड्या चाचणीत कसंबसं निभावतं, ओल्या चाचणीत मात्र त्याला अनेकदा एक किंवा दोनच गुण मिळतात. ओलसरपणामुळे कण सहज सुटतात आणि समोरच्या कापडावर नेमके चिकटतात. मुंबई-ठाण्यात अशा तक्रारी जूनमध्ये वाढतात त्या यामुळेच. पावसात अर्धवट भिजलेली नवी जीन्स घालून पाहुणे सोफ्यावर टेकतात आणि चहा होईपर्यंत काम होऊन जातं.

असाच एक प्रसंग घेऊ. पांढरं सुती, काढता येणारं सोफा कव्हर आहे. बैठकीच्या पुढच्या कडेला वीतभर निळा पट्टा आणि हाताच्या आधारावर पुसट ठसा. पहिलं काम म्हणजे कव्हर ओलं असेल तर हात न लावता वाळू द्यायचं. वाळलं की व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून पट्ट्यावरून फिरवायचा. व्हॅक्यूम नसेल तर कोरडा मऊ ब्रश हलक्या हाताने एकाच दिशेने ओढायचा आणि कव्हर बाहेर झटकायचं. शाळेतलं स्वच्छ पांढरं खोडरबरही चालतं, पुसट ठशावर तर फारच चांगलं. सुटे कण सुटे असतानाच जितके निघतील तितके काढायचे, कारण पाणी लागलं की त्यांचा चिखल होतो.

मग साबणाची पाळी. कपभर कोमट पाण्यात चहाचा चमचाभर लिक्विड डिटर्जंट घालायचा, पांढरं सुती फडकं त्यात बुडवून पिळायचं आणि डागाच्या बाहेरून आत असं टिपत जायचं. घासायचं नाही, टिपायचं. फडक्यावर निळं दिसलं की घडी फिरवून कोरा भाग वापरायचा, नाहीतर तोच रंग दुसरीकडे लागतो. आपण पुढे सरकतोय की नाही हे फडकं सांगतं. ते निळं होत असेल तोवर हीच कृती करत राहायची. ते पांढरं राहायला लागलं आणि कव्हरवर अजून छटा आहे, तर उरलेले कण तंतूंमध्ये घट्ट बसले आहेत आणि साबणाचं काम संपलं. केमिस्टकडे मिळणारं रंगहीन आयसोप्रोपिल अल्कोहोल इथे थोडं पुढे नेतं, पण चमत्कार करत नाही, कारण इंडिगो त्यातही फारसा विरघळत नाही. ते वापरताना खिडकी उघडी आणि गॅस बंद हवा.

उरलेल्या छटेसाठी ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट असलेली पावडर आणायची. आधी शिवणीच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघायचं. मग ४० ते ५० अंश गरम पाण्यात, लिटरला एक सपाट मोठा चमचा या प्रमाणात पावडर विरघळवून कव्हर काही तास भिजत ठेवायचं आणि नंतर नेहमीसारखं धुवायचं. इंडिगो या ब्लीचला तसा चिवट असतो, म्हणून एका खेपेत डाग फिका होतो, नाहीसा होईलच असं नाही. दुसऱ्या खेपेला हरकत नसते. मात्र डाग पूर्ण जाईपर्यंत कव्हरला इस्त्री करू नये. कव्हर पॉलिएस्टर असेल तर ही खबरदारी अधिकच महत्त्वाची, कारण इस्त्रीच्या उष्णतेने इंडिगोचे कण त्या तंतूत शिरू शकतात आणि तिथून मग सहसा निघत नाहीत.

इंडिगोला खरोखर मोडतं ते क्लोरीनचं ब्लीच. त्याने रेणू तुटतो, निळं जातं आणि मागे फिकट पिवळा पदार्थ उरतो, जो पाण्याने निघतो. पण हे फक्त पूर्ण पांढऱ्या, शंभर टक्के सुती कापडासाठी. लिटरभर गार पाण्यात मोठा चमचाभर ब्लीच, दहा मिनिटं, मग भरपूर पाण्यात खळबळणं. लायक्रा मिसळलेल्या कापडाचा ताण जातो, रेशीम आणि लोकर खराब होते, आणि रंगीत कशिदा असेल तर तो आधी उडतो. ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर अजिबात घालू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. लिंबाने इंडिगो तसाही हलत नाही.

जीन्सवर घातलेल्या पांढऱ्या कुर्त्याच्या खालच्या घेरावर अशीच निळसर झाक येते. तिथेही क्रम तोच, फक्त कुर्त्यावर चिकनकारी किंवा रंगीत धागा असेल तर ऑक्सिजन ब्लीचपाशी थांबावं आणि पुढचं काम चांगल्या ड्रायक्लीनरवर सोडावं. त्याच्याकडे आणखी एक हत्यार असतं, ज्याला रंगारी ‘हायड्रोस’ म्हणतात. हे म्हणजे हौदातलंच सोडियम हायड्रोसल्फाइट. ते सोड्यासोबत लावलं की डागातली नीळ पुन्हा पिवळट, विरघळणाऱ्या रूपात जाते. ही युक्ती मला सर्वांत आवडते, कारण रंग चढवायच्या रसायनानेच इथे रंग उतरवतात. तिची मेखही तिथेच आहे. डाग पिवळट झाला की ताबडतोब धुऊन काढावा लागतो. कापड थोडा वेळ हवेत राहिलं, तर ऑक्सिजन आपलं काम करतो आणि नीळ परत येते, तीही आता तंतूच्या आत. अनेकांना वाटतं की औषध लागू पडलं नाही. औषध लागू पडलेलं असतं, धुण्याला उशीर झालेला असतो. हायड्रोसची पावडर ओलाव्याने पेटू शकते आणि तिचा उग्र वायू फुफ्फुसाला त्रास देतो, म्हणून ती घरात न आणलेली बरी.

रेक्झिनच्या सोफ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याच्या वरच्या प्लॅस्टिकच्या थरात रंग हळूहळू मुरतो. पहिल्याच दिवशी साबणाच्या पाण्याने पुसलं तर बहुतेक निघून जातं, महिनाभर तसंच राहिलं तर नाही. नेलपॉलिश रिमूव्हर लावला तर डागासकट तो थरच विरघळतो आणि चिकट ठसा राहतो. मुरलेल्या डागावर रेक्झिन बदलणं किंवा गादी उलटी करणं एवढाच मार्ग उरतो.

मग नवी जीन्स आणल्यावर काय करावं? आपल्याकडे पहिला सल्ला मिठाच्या पाण्याचा असतो, त्याखालोखाल तुरटीचा. दोन्हीची जागा वेगळी आहे. मीठ काही रंगांना सुतात शिरायला मदत करतं, तुरटी मंजिष्ठेसारख्या रंगाला धाग्याशी बांधते. इंडिगोला यातलं काहीच लागत नाही, तो आधीच अविद्राव्य आहे. प्रश्न पृष्ठभागावरच्या जास्तीच्या कणांचा आहे आणि त्यांना पक्कं करण्यात अर्थ नाही, ते धुऊनच काढायचे. जीन्स उलटी करून, एकटीच, गार पाण्यात आणि सौम्य डिटर्जंटमध्ये धुवावी. पाण्यातही सुटे कण फिरत असतात आणि इतर कपड्यांवर बसतात, म्हणून ती एकटी. वाळवतानाही उलटीच, सावलीत.

प्रत्येक धुण्यानंतर गिरणीचीच चाचणी घरी करता येते. बोटाला पांढरा सुती रुमाल गुंडाळून दुमडपट्टीच्या आतल्या बाजूला, म्हणजे दिसणार नाही तिथे, दहा वेळा घासावा. आधी कोरडा, मग ओला करून पिळलेला. कोरडा रुमाल पांढरा राहिला की ती जीन्स घालून पांढऱ्या सोफ्यावर बसायला हरकत नाही. ओल्या रुमालावर मात्र थोडी निळसर छटा बराच काळ येत राहते. त्या जीन्सने पावसातून आलेल्या माणसाला आधी लाकडी खुर्ची द्यावी.