सीनचा कागद

मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांच्यासमोर बहुतेक वेळा वेगवेगळी नावं असतात. प्रेक्षक ती पाटी बघत नाही, पण मालिकेचं बरंचसं भलंबुरं त्या नावांच्या मधल्या जागेत ठरतं. पटकथाकार भागातले सीन ठरवतो आणि प्रत्येक सीनबद्दल काही ओळी लिहून संवादलेखकाकडे पाठवतो. संवादलेखक त्यावरून पात्रांना बोलतं करतो. दोघं रोज भेटतातच असं नाही. पुष्कळदा एक पुण्यात असतो, दुसरा मुंबईत, आणि परवाच्या शूटिंगचं सगळं त्या कागदावर अवलंबून असतं. दोन मित्र मिळून एकांकिका किंवा कादंबरी लिहीत असले तरी एकाकडून दुसऱ्याकडे असाच कागद जातो, फक्त त्याला कुणी नाव देत नाही.

हा कागद दोन तऱ्हांनी फसतो. एक प्रसंग घेऊन बघू. भाऊबीजेची संध्याकाळ आहे. पुण्याहून माहेरी आलेल्या विजयाकडून थोरल्या भावाला, सुभाषला, शेतजमिनीचं हक्कसोडपत्र हवं आहे. सुभाषने शेत विकायचं ठरवून इसार घेतलेला आहे आणि तो बहिणीला हे सांगत नाही. विजयाला मात्र येताना वाटेतच चुलत भावाकडून ते कळलेलं आहे.

पहिल्या तऱ्हेचा कागद असा असतो: ‘विजया आणि सुभाष. जमिनीचा विषय निघतो. तणाव.’ हे वाचून संवादलेखक काय करेल? हाताशी असलेली सगळ्यात स्फोटक गोष्ट वापरेल. तिसऱ्याच वाक्याला विजया म्हणेल, ‘इसार किती घेतलास, दादा?’ सीन झकास होईल, पण पुढच्या आठवड्याची गोष्ट आजच संपलेली असेल. अशा वेळी संवादलेखकाला दोष देण्यात अर्थ नाही. गोष्ट कुठे राखून ठेवायची आहे ते त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

दुसऱ्या तऱ्हेचा कागद याच्या उलट असतो. ‘विजया दुखावलेली आहे, पण चेहऱ्यावर दाखवत नाही. ती क्षणभर खिडकीबाहेर बघते. सुभाष म्हणतो, आपल्यात कागद कशाला आला, विजू. विजयाच्या डोळ्यांत पाणी येतं, पण ती ते परतवते. मग निरांजनाकडे बघत म्हणते...’ आणि असं पान दीड पान. हा लेखक भीतीपोटी इतकं लिहितो. आपल्या डोळ्यासमोरचं चित्र हुकेल, अशी ती भीती असते. पण सहलेखकाकडे मग शब्द इकडेतिकडे करण्यापलीकडे काम उरत नाही आणि तो तेवढंच करतो. असा परत आलेला सीन ओळखायला सोपा असतो. त्यातली पात्रं कागदावरची विशेषणंच बोलून दाखवतात. ‘दुखावलेली’ असं लिहिलेलं असेल तर विजया म्हणते, ‘मला वाईट वाटतंय, दादा.’ कागद सीनपेक्षा लांब होऊ लागला की लेखकाने सरळ सीनच लिहून टाकावा, दोघांचाही वेळ वाचतो.

या दोहोंच्या मधला कागद असा लिहिता येईल:

‘स्वयंपाकघर, रात्री साडेआठ. ओवाळून झालंय, ताट अजून ओट्यावरच आहे. वहिनी विजयासाठी फराळाचे डबे भरते आहे. आई शेजारच्या खोलीत जागी आहे आणि तिला कमी ऐकू येत नाही. इथे आवाज चढवायची सोय नाही. सुभाषला विजयाचा उद्याचा होकार हवा आहे. दुय्यम निबंधक कार्यालयातली वेळ उद्या अकराची आहे. ती हुकली तर खरेदीदार मागे फिरेल, हे त्यालाच ठाऊक. विजयाला सही करायची नाही, पण सणाच्या दिवशी आईदेखत भांडणही नको. तिला भावाने स्वतःहून खरं सांगायला हवं आहे. इसाराचा उल्लेख कुणीही करायचा नाही, कारण तो पुढच्या आठवड्यात वहिनीच्या तोंडून येणार आहे. विजया खोटं बोलत नाही. सीन संपताना सुभाषला वाटतं, ही उद्या येणार. प्रेक्षकाला कळलेलं असतं, ही येणार नाही. तीन पात्रं, एकच जागा, साधारण तीन मिनिटं. बाकी सगळं तुझ्यावर.’

यात एकही भावना नाव घेऊन लिहिलेली नाही, आणि तरी वातावरण आहे. ते आलं शेजारच्या खोलीतल्या आईमुळे. ‘दबलेला ताण’ असं लिहिलं असतं, तर दोन लेखकांनी त्याचे चार अर्थ लावले असते. आवाज चढवायची सोय नाही म्हटल्यावर प्रत्येक वाक्य आपोआप खालच्या पट्टीत येतं आणि रागाला दुसरी वाट शोधावी लागते. वातावरण लिहायचं म्हणजे पात्रांच्या भोवतालची अशी एखादी अडचण सांगायची. हातात चाललेलं कामही त्यासाठीच असतं. डबे भरणं चालू असलं की गप्प राहायला निमित्त मिळतं, आणि विषय बदलायलाही.

पणाला काय लागलं आहे, हे दोघांसाठी वेगवेगळं लिहिलंय आणि त्याला वेळेची कड आहे. ‘जमीन जाईल’ हे फार दूरचं झालं. ‘उद्या अकराची वेळ हुकेल’ म्हटलं की सुभाषला आज रात्रीच बोलावं लागतं. इथे एक तपशील पक्का असावा लागतो. असं हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं, घरच्या घरी कागदावर सही घेऊन काम भागत नाही. हे माहीत नसलेला लेखक सुभाषच्या हातात कागद आणि पेन देऊन मोकळा होतो. मग जाणकार प्रेक्षक हसतो आणि सीनमधली निकडही जाते, कारण कागद परवासुद्धा पुढे करता आला असता. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क 1994 मध्ये दिला, देशभर तो 2005 च्या दुरुस्तीने आला. म्हणजे विजयाची सही ही नुसती उपचाराची गोष्ट नाही. संवादलेखकाला हे ठाऊक असेल तर सुभाषच्या विनवणीला धार येते.

बंधनांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण नवे लेखक त्यांना फार घाबरतात. ‘इसाराचा उल्लेख नको’ एवढंच लिहिलं असतं तर सहलेखक त्या बाजूला फिरकलाच नसता. कारण जोडल्यावर त्याला कळतं की ही गोष्ट दडपायची नाही, राखून ठेवायची आहे. मग तो तिच्या अगदी जवळ जाऊन परत फिरू शकतो. ‘शेताकडे कोणकोण येऊन गेलं म्हणे,’ असं विजया सहज म्हणेल आणि वहिनीचा हात डब्यात थबकेल. बंधन पाळलं गेलं आणि प्रेक्षकाच्या पोटात गोळाही आला. ‘विजया खोटं बोलत नाही’ हे बंधन निराळ्या जातीचं आहे. ते स्वभावाचं आहे, आणि सीनचा सगळा चटका त्यातच आहे, कारण भावाला फसवायचं आणि खोटंही बोलायचं नाही हे जमवावं लागतं. तीन पात्रं, एक जागा, तीन मिनिटं ही बंधनं निर्मितीची. ती निमूटपणे लिहावीत, त्यांत कलेचं काही नाही.

हा कागद मिळाल्यावर संवादलेखक काय लिहू शकेल याचा एक तुकडा बघू.

सुभाष : साडेनऊला निघू. अकराचं टोकन आहे.
विजया : माझी एसटी दहाची आहे, दादा.
सुभाष : पुढची घे की. एवढं काय?
विजया : बघते. (वहिनीला) वहिनी, डबा आत्ताच पिशवीत ठेवता? सकाळी गडबडीत राहून जाईल.

कागदात एसटी नव्हती. पिशवी नव्हती. ‘बघते’ म्हणून वेळ मारून न्यायची, हेही नव्हतं. या तीन गोष्टी संवादलेखकाने शोधल्या, आणि त्या शोधाव्या लागल्या कारण शेवट नेमका दिला होता: एकाला एक वाटतं, प्रेक्षकाला दुसरं कळतं. दुसरा कुणी लेखक हाच शेवट ओवाळणीच्या पाकिटावरून गाठेल, तिसरा आईच्या हाकेवरून. शेवट ‘विजया नकार देते’ असा असता तर बहुतेकांनी नकाराचं भाषणच लिहिलं असतं.

कागद जास्त झाला की कमी, हे पाठवण्याआधी तपासायचा एक मार्ग आहे. हाच कागद दोन वेगळ्या लेखकांना दिला असं समजायचं. दोघांचे सीन जवळपास सारखेच येतील असं वाटलं, तर जास्त सांगितलंय. दोघांपैकी एकाच्या सीननंतर पुढचा सीन जुळणारच नाही असं वाटलं, तर कमी सांगितलंय. अवतरण चिन्हांतली वाक्यंही मोजून बघावीत. एखादं वाक्य पुढच्या भागात परत येणार असेल तर ते जसंच्या तसं द्यावं आणि ‘हे बदलू नकोस’ असंही लिहावं. बाकीची अवतरणं बहुधा लेखकाला आवडलेली असतात, गोष्टीला लागणारी नसतात.

कोकणातल्या दशावताराला लिखित संहिता नसते. कोणतं आख्यान लावायचं ते ठरतं, कुणी कुठे प्रवेश करायचा ते ठरतं, आणि संवाद नट रंगमंचावर रचतात. इतक्या थोडक्या सूचनेवर भागतं, कारण बंधनं आधीच सगळ्यांच्या अंगात मुरलेली असतात. पुराणातली गोष्ट, राजाचं बोलणं, राक्षसाची चाल हे नटांना ठाऊक असतं आणि समोर बसलेल्या गावालाही. अमेरिकेत लॅरी डेव्हिडच्या ‘कर्ब युअर एन्थुझिअ‍ॅझम’ या मालिकेत संवादांऐवजी प्रसंगांचा आराखडा लिहिला जाई आणि नट बोलणं जागेवर करत. तिथे गोष्ट पुराणातली नव्हती, तेव्हा कुठल्या प्रसंगात काय घडलंच पाहिजे हे आराखड्यात बांधून घ्यावं लागे. शेवटाला सगळे धागे एकत्र येऊन आदळायचे असत. सुभाष आणि विजयाची गोष्टही कुणाच्या अंगात मुरलेली नाही, म्हणून ‘तणाव’ या एका शब्दावर ती सोडता येत नाही.

सीन परत आल्यावर पटकथाकाराची खरी परीक्षा होते. मनात असलेला सीन आणि हातात आलेला सीन यांची तुलना करायचा मोह होतो, आणि शेरे सुरू होतात: इथे ती खिडकीशी जाईल असं वाटलं होतं. खिडकी कागदात नव्हती, तेव्हा तिच्याबद्दल तक्रार करता येत नाही. हातातला सीन कागदाशीच ताडून बघायचा. सुभाषला होकार मिळाल्यासारखं वाटलं का, इसाराची गोष्ट शाबूत राहिली का, विजया कुठे खोटं बोलली का. ‘बघते’ हे खोटं झालं का, यावर दोघांनी फोनवर वाद घालावा, तो कामाचा आहे. खिडकी हवीच असेल तर ती दिग्दर्शकाकडे मागावी.