पाच वाजता पाळणा

बारशाच्या आमंत्रणात बहुतेक घरं एक गोष्ट लिहायला विसरतात: पाळण्याची नेमकी वेळ. ‘संध्याकाळी ४ ते ७’ असं छापलं की निम्मे पाहुणे सहाला उगवतात. तोवर बाळ एकदा रडून, एकदा पिऊन गाढ झोपलेलं असतं आणि आत्याला झोपलेल्या कानात नाव सांगावं लागतं. कार्यालयातल्या दीडशे माणसांच्या बारशात हे खपून जातं. घरच्या घरी वीस-पंचवीस माणसांत करायचं असेल, तर सगळा कार्यक्रम पाळण्याभोवतीच्या पंधरा मिनिटांवर उभा असतो, म्हणून आखणीही तिथूनच सुरू करावी लागते.

आधी दिवसाचा प्रश्न. दहा दिवसांचं सोयर फिटल्यावर अकराव्या किंवा बाराव्या दिवशी नाव ठेवायचं, ही जुनी रीत. आता आई नुकतीच दवाखान्यातून आलेली असते, टाके ओले असतात, म्हणून पुष्कळ घरी बारसं सव्वा महिन्यावर किंवा त्याही पुढे नेलं जातं. सव्वा महिना धरला तर एक तारीख मात्र सांभाळावी लागते. बाळाचं दीड महिन्याचं लसीकरण साधारण त्याच आठवड्यात येतं आणि त्यानंतर एक-दोन दिवस बारीक ताप, किरकीर चालते. बारसं लसीच्या आधी दोन दिवस किंवा नंतर चार दिवसांनी ठेवलं, तर बाळ त्या संध्याकाळी निदान आपल्या नेहमीच्या मूडमध्ये असतं.

पुण्यातल्या दोन खोल्यांच्या एका घराचं उदाहरण घेऊ. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे यजमान बाळाचे आईकडचे आजी-आजोबा. आत्या नाशिकहून येणार. दोन्हीकडचे आजी-आजोबा, मामा, मावशी, काका, आईच्या दोन मैत्रिणी आणि मजल्यावरची तीन बिऱ्हाडं धरली की आकडा पंचविसावर जातो. दिवाणखान्यात एका वेळी इतकीच माणसं पाळण्याभोवती उभी राहू शकतात. यादी इथेच थांबवायची, तर उरलेल्यांना वाईट न वाटण्याची सोय आमंत्रणातच असावी लागते. असं आमंत्रण मोबाइलवर धाडायला पुरेसं आहे:

सप्रेम नमस्कार. आमच्या नातीचं बारसं येत्या रविवारी आमच्या राहत्या घरी करत आहोत. पाळणा बरोबर पाच वाजता. फराळ त्यानंतर. बाळ सातला झोपतं, म्हणून वेळेवर यावं. आहेर आणू नये. सर्दी-खोकला असेल तर बरं वाटल्यावर सवडीनं यावं, बाळ महिनाभर इथेच आहे. आपले, बाळाचे दोन्हीकडचे आजी-आजोबा.

‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ या पारंपरिक सुरुवातीची ज्यांना सवय आहे त्यांनी ती जरूर घालावी, तिथीही लिहावी. पण वेळ, आहेर आणि आजारपण या तीन गोष्टी सुटता कामा नयेत. दीड महिन्याच्या बाळाला मोठ्यांची साधी सर्दीही जड जाऊ शकते. ते तोंडावर सांगणं अवघड, आमंत्रणात लिहिणं सोपं. शेवटचं वाक्य दुहेरी काम करतं: आजारी पाहुण्याला परत फिरवतं आणि यादीत न बसलेल्यांना नंतर बोलावण्याची वाट मोकळी ठेवतं. आमंत्रणात बाळाचं नाव मात्र कुठेच नसतं. ते आधी फुटलं की आत्याच्या कामात काही उरत नाही.

कार्यक्रम पाचपासून मागे मोजत जायचा. सव्वाचारला बाळाला पाजून घ्यायचं, ढेकर काढायचा. साडेचारला पाहुणे. पावणेपाचला आईचं औक्षण आणि ओटी: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. पाचला पाळणा, सव्वापाचला नाव, साडेपाचला फराळ. ज्या घरी गुरुजींकडून नामकरणाचा विधी होतो, तिथे तो सकाळी उरकून घेतलेला बरा. त्यात वडील ताटात पसरलेल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीनं किंवा तारेनं नावं लिहितात: कुलदेवतेवरून एक, जन्ममासावरून एक, नक्षत्रावरून एक आणि शेवटी हाक मारायचं. नक्षत्राच्या चरणाप्रमाणे अक्षर ठरतं. रोहिणीला ओ, वा, वी, वू. आर्द्रेच्या एका चरणाला तर ‘ङ’ येतं आणि त्या अक्षरावरून नाव काही सापडत नाही, तेव्हा गुरुजी त्याच नक्षत्रातलं शेजारचं अक्षर सुचवतात. हाक मारायचं नाव या अक्षरावरून ठेवलंच पाहिजे असं नाही. नक्षत्रनाम पत्रिकेत राहतं, व्यवहारातलं वेगळं असू शकतं.

आता पाळणा. जुन्या घरात आढ्याला कडी असे, तिला लाकडी पाळणा टांगत. फ्लॅटच्या छताला कडी नसते, त्यामुळे स्टँडचा पाळणा भाड्यानं येतो. तो आदल्या रात्रीच आणवावा आणि बाळाच्या दुप्पट वजनाची तांदळाची पिशवी ठेवून झुलवून पाहावा. कुरकुरणारा बोल्ट तेव्हाच कळतो. सजावट बाजूच्या दांड्यांवर करावी. बाळाच्या तोंडावर लोंबणारे फुगे, चमकी, सुटे मणी नकोत. झेंडूच्या माळांतून पाकळ्या आणि किडे दोन्ही गळतात.

पाळण्याच्या दोन बाजूंना दोन बायका उभ्या राहतात आणि कृष्णाची नावं घेत एकीनं पाळण्याखालून द्यायचं, दुसरीनं घेऊन वरून परत करायचं, असा प्रकार चालतो. बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून असंच फिरवायची चाल पुष्कळ घरांत आहे. पाळण्यात पहिला मान त्या दगडी बाळाचा. छोट्या घरात शहाणपणाचं हे की फिरवाफिरवी वरवंट्यावरच संपवावी. या वयात बाळाची मान धरलेली नसते, स्टँडच्या आडव्या पट्ट्यांखालून हात नीट जात नाही आणि रेशमी पदरावरून झबल्यातलं बाळ निसटू शकतं. वरवंटाही रेशमात गुंडाळला तर घसरतो आणि कुणाच्या तरी पायावर पडतो. सुती कापड वापरावं किंवा सरळ नारळ घ्यावा. बाळाला आईनं किंवा आजीनं डोक्याखाली हात देऊन थेट पाळण्यात ठेवावं. कोणत्या आजीनं, हा प्रश्न अनेक घरांत अजूनही अवघड होतो, कारण विधवेला पुढे न बोलावण्याची रीत पूर्ण गेलेली नाही. ज्या घरांनी ती मोडली, त्यांनी ते आधीच ठरवून त्या आजीला सांगितलेलं असतं. ऐन वेळी ‘या ना पुढे’ म्हटलं तर ती संकोचून मागेच सरकते.

आणि मग गाणं. मराठी पाळण्याची घडण ठरलेली आहे: यमकाच्या दोन-तीन ओळी आणि मागे ‘जो जो’चं पालुपद. रामनवमीला दुपारी बाराला, गोकुळाष्टमीला मध्यरात्री देवळात हेच रूप ऐकू येतं. शिवजयंतीला आणि भीमजयंतीलाही पाळणे गायले जातात. बारशाचा पाळणा बहुधा दिवसवारीनं चालतो: पहिल्या दिवशी काय झालं, पाचव्या दिवशी पाचवी, सहाव्याला सटवी, आणि बाराव्याला नाव. बारसं दीड महिन्यानं असलं तरी गाण्यातला बारावा दिवस बारावाच राहतो.

बाराही कडवी संथ लयीत म्हटली तर दहा मिनिटं सहज जातात आणि सातव्या कडव्याला बाळ भोकाड पसरतं. पाच कडवी पुरतात: पहिलं, पाचवं, सहावं, दहावं, बारावं. एकीनं ओळी म्हणाव्यात, बाकीच्यांनी पालुपद उचलावं. सुरुवात खालच्या पट्टीत करायची; उत्साहात वर धरलेला सूर दुसऱ्या कडव्यालाच आवाज फोडतो. चालीची रेकॉर्ड स्पीकरवर लावली तर कुणीच तोंड उघडत नाही, आणि लहान खोलीत तो आवाज बाळाच्या कानापासून हातभरावर असतो.

घरचा पाळणा रचणं वाटतं तितकं कठीण नाही. त्या घरात खरोखर काय घडलं तेच यमकात बसवायचं. आपल्या पुण्याच्या घरासाठी पहिलं कडवं असं होऊ शकतं:

पहिल्या दिवशी पाऊस पडला,
रिक्षावाला पुलापाशी अडला,
मामा धावत जिना चढला, जो जो…

शेवटच्या कडव्यात नाव येतं, आणि घरच्या कवीची पंचाईत तिथेच होते. नाव दोन अक्षरी की चार अक्षरी हे कवीला ठाऊक नसतं, कारण ते आई-बाबा आणि आत्या यांच्यातच असतं. म्हणून नाव यमकाच्या जागी ठेवायचं नाही, ओळीच्या सुरुवातीला ठेवायचं. तिथे अक्षर कमी-जास्त झालं तर ओढून किंवा दाबून म्हणता येतं:

बाराव्या दिवशी आत्या आली,
कुंची-टोपड्याची तयारी झाली,
____ बाळी झोपी गेली, जो जो…

कागदावर ही जागा कोरीच छापायची. चार कडवी झाली की गाणं थांबतं. आत्या वाकून बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते, मागून बायका तिच्या पाठीत धपाधप मारतात, मग ती ते मोठ्यानं सांगते आणि पाचवं कडवं सगळे मिळून नाव घालून म्हणतात. ज्येष्ठांसाठी कागदावरचं अक्षर मोठं असावं, नाहीतर चश्म्यांच्या शोधात दोन कडवी निघून जातात.

फराळात घुगऱ्या हव्यातच. पंचवीस माणसांना एक किलो हरभरे पुरतात. आदल्या रात्री भिजवले आणि शिजवले की ते सुमारे दोन किलो होतात, म्हणजे प्रत्येकी लहान वाटीभर. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी, ही वाटणी बऱ्याच घरांनी सोडली आहे. साडेपाचनंतर बाळ आतल्या खोलीत जातं. ज्यांना पाहायचं त्यांनी हात धुऊन, एकेकानं जायचं. शेवटी मीठ-मोहरीनं दृष्ट.

दुसऱ्या दिवशीचं एक काम या कार्यक्रमपत्रिकेतच लिहून ठेवावं. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते आणि ती बहुधा दवाखान्यातूनच, नावाची जागा रिकामी ठेवून होते. नाव नंतर घालता येतं, जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत त्यासाठी शुल्क पडत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे त्या तारखेनंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. म्हणून नावाचं मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग, ऱ्हस्व-दीर्घासकट, आई-बाबांनी एका कागदावर लिहून ठेवावं आणि नोंदणी कार्यालयात तोच कागद न्यावा. आत्यानं कानात सांगितलेलं ‘ईरा’ एका दाखल्यावर आय आणि दुसऱ्यावर डबल ई घेऊन आलं, तर ते निस्तरायला प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.